वाक्यात कर्ता नाही

सोमवार

केदार, रात्री ८.४०: मॅडम, नमस्कार. फोटो पाठवलाय. फळं सुपारीएवढी झालीत आणि सालीवर हे असं खरवडल्यासारखं दिसतंय. फुलकिडे ना?

मुक्ता, ८.५२: फुलकिडेच. पण हाच फोटो तुम्ही शनिवारी पाठवला होतात.

केदार: तो डाव्या बाजूने काढलेला.

मुक्ता: झाड तेच आहे.

केदार: बाग फार मोठी नाही हो आमची.

मुक्ता: शनिवारी सांगितलेली फवारणी केलीत?

केदार: रविवारी सकाळीच.

मुक्ता: मग हा फोटो?

केदार: फवारणीआधीचा. शिल्लक होता. म्हटलं वाया कशाला घालवा.

मुक्ता, ९.२०: आता कामाचं नसलेलं एक विचारते. कासवाच्या अंड्यांचं काय झालं?

केदार: आज एक्केचाळिसावा दिवस. टोपलीखाली सगळं शांत आहे. दिवसातून चार वेळा उचलून बघतो.

मुक्ता: बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात म्हणालात ना? मग आत्तापासून चार वेळा?

केदार: सवय लागते.

मुक्ता: कसली? टोपली उचलायची?

केदार: काहीतरी येईल म्हणून बघत राहायची. झोपा आता. दापोलीत थंडी असेल.

मुक्ता: आहे. गोधडी काढलीय परत.

केदार: इकडे पंखा.

बुधवार

मुक्ता, दुपारी १.१५: डबा उघडला तर मैत्रिणीने कोयाडं घातलेलं. गुहागरची आठवण आली.

केदार, १.१६: गुहागरला कधी आलात तुम्ही?

मुक्ता: आले नाही. तुमच्या आईच्या हातच्या कोयाड्याचं इतकं वर्णन ऐकलंय, की आठवण यायला जाण्याची गरज उरलेली नाही.

केदार: आई काल विचारत होती. म्हणाली, रोज रात्री त्या विद्यापीठातल्या बाईंना विचारतोस, एवढी कीड पडलीय का रे बागेत?

मुक्ता: मग काय सांगितलंत?

केदार: म्हटलं, पडलीय.

मुक्ता, १.३१: जेवण झालं?

केदार: झालं. आणि तिकडे?

मुक्ता: चालू आहे. एका हाताने.

गुरुवार

केदार, रात्री ९.०५: एक गोष्ट सांगायची राहिली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली टॅग लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरला येऊन अंडी घालून गेलं. साडेतीन हजार किलोमीटर. तोवर सगळे समजत होते की पूर्वेकडची कासवं पूर्वेला आणि आपली आपल्याकडे.

मुक्ता: साडेतीन हजार! आणि काहींना मधली एक खाडी ओलांडायची तर मुहूर्त लागतो.

केदार: तिला ऑफिस नव्हतं.

मुक्ता: मी कोणाचं नाव घेतलं का?

केदार: नाही. मीही नाही घेतलं.

मुक्ता, ९.१४: बरं, वाळू गरम असली तर माद्या जास्त निघतात, हे खरं ना?

केदार: खरं. थंड असली तर नर.

मुक्ता: मग यंदा काय?

केदार: पंखा लावून झोपतोय म्हणून सांगितलं ना सोमवारी.

शनिवार

केदार, सकाळी ७.२०: उठणं झालं का?

केदार, ७.२१: चहा झाला का?

मुक्ता, ७.४८: एक निरीक्षण नोंदवायचं आहे.

केदार: बोला.

केदार: म्हणजे, ऐकतोय.

मुक्ता: बघा! बुधवारपासून मोजतेय. "जेवण झालं?" "चहा झाला का?" "उठणं झालं का?" "आणि तिकडे?" तुमच्या वाक्यांत कर्ताच नसतो हल्ली.

केदार: "जेवण झालं?" मी नव्हतं विचारलं. वर जाऊन बघता येईल.

मुक्ता: विषय बदलू नका.

केदार: कर्ता घातला की क्रियापद त्याच्यामागे येतं. मग ते कसं लावायचं ते ठरवावं लागतं.

मुक्ता: त्यात काय ठरवायचं? आदरार्थी बहुवचन आहे की आपल्या भाषेत.

केदार: आदर आहेच. बहुवचनाचं जड जातंय.

केदार: (हा संदेश डिलीट केला आहे)

मुक्ता: काय होतं?

केदार: व्याकरणाची चूक.

मुक्ता: मी वाचलं.

केदार: किती?

मुक्ता: पुरेसं. पाटाचं पाणी सोडायची वेळ झाली असेल, जावं आता.

केदार: "जावं". कोणी?

मुक्ता: ज्याचं आगर आहे त्याने.

मंगळवार

केदार, रात्री ११.३०: पालखी आली होती घरी. आत्ता गेली पुढच्या वाडीत. ढोल अजून ऐकू येतोय. व्हॉइस मेसेज पाठवतो, त्यात मी बोललेलो नाही, फक्त ढोल आहे.

केदार: (व्हॉइस मेसेज, ०.४७)

मुक्ता, ११.३६: शेवटी कोणीतरी हसलंय.

केदार: पुतण्या. विचारत होता, काका, फोन हवेत का धरलायस?

मुक्ता: गाऱ्हाणं घातलं का खळ्यात?

केदार: घातलं.

मुक्ता: काय मागितलं?

केदार: मागणारे मानकरी. मी नुसतं "व्हय म्हाराजा" म्हटलं.

मुक्ता: कशाला व्हय म्हटलं तेवढं सांगा.

केदार: बागेला बरकत दे. व्हय म्हाराजा. मुंबईकर चाकरमान्यांना सुखरूप पोचव. व्हय म्हाराजा. घरात काय उणं असेल ते भरून काढ.

मुक्ता: मग?

केदार: ते जरा मोठ्याने म्हटलं. आईने वळून बघितलं.

मुक्ता, ११.५२: टाइप करून खोडतेय मघापासून. झोपते.

केदार: दिसत होतं. वर "टायपिंग" येतं.

मुक्ता: मग सांगायचं नाही?

केदार: बरं वाटत होतं बघायला.

गुरुवार

मुक्ता, संध्याकाळी ६.१०: आज रोपवाटिकेत कलमं बघत होते. सिंधू खाल्लाय कधी?

केदार: नाव ऐकलंय. बिनकोयीचा ना?

मुक्ता: कोय असते, पण इतकी पातळ की नसल्यातच जमा. रत्ना आणि हापूस यांचा संकर, १९९२ सालचा. आणि रत्ना म्हणजे नीलम आणि हापूस. म्हणजे हापूस दोनदा आलाय घराण्यात.

केदार: हट्टी दिसतो. आणि कोयच नाही तर रुजायचं कसं?

मुक्ता: कलम करून. सगळंच काही पेरून होत नाही, बागायतदार.

केदार: दोन फांद्या जुळवायच्या, पट्टी बांधायची आणि वाट बघायची. एवढं येतं मला.

मुक्ता: आणि मधेमधे पट्टी सोडून जुळलं का ते बघायचं नाही. निम्मी कलमं त्यातच जातात. धीर नसतो लोकांना.

केदार: मी सोडत नाही.

मुक्ता: टोपली दिवसातून चार वेळा उचलणारा माणूस हे सांगतोय.

केदार: ते कासवांचं. इकडे नुसतं ऑनलाइन आहे का तेवढं बघतो.

मुक्ता, ६.४१: किती वेळा?

केदार: फवारणीच्या वेळापत्रकात बसत नाही तो आकडा.

मुक्ता: मोसमात सिंधूचं एक फळ ठेवते बाजूला. एकच मिळेल. मोजून असतात.

केदार: दोघांत?

मुक्ता: मी कुठे म्हटलं की मी पण खाणार?

केदार: एवढी पातळ कोय, गर भरपूर. एकट्याने कसं संपायचं?

मुक्ता: बघू. आधी आंबा तर पिकू दे.

सोमवार

केदार, पहाटे ५.३५: टोपली हलतेय

केदार, ५.३६: ये

मुक्ता, ५.५८: आले बाहेर??

केदार: एकतीस. अजून वाळू खचतेय मधे, म्हणजे बाकीचे मागे आहेत. हे सात वाजता सोडणार. उरलेले निघाले तर संध्याकाळी सहाला.

मुक्ता: आज सोमवार आहे. सकाळी मीटिंग.

केदार: हो, माहितीय. नुसतं कळवलं.

मुक्ता: नुसतं नाही कळवलं. ५.३६ चा संदेश परत वाचावा.

केदार, ६.१०: वाचला.

केदार: घाईत टाइप झालं. अंधार होता. एका हातात बॅटरी.

मुक्ता: दुरुस्त करायचंय का? "या" असं?

केदार, ६.१९: नको.

मुक्ता: बरं.

मुक्ता, ६.२०: मला पण नको.

केदार, ७.२५: सोडले. तिसावा उलट्या दिशेने निघाला होता, सुरूच्या बनाकडे. एकतिसावा सगळ्यात बारका, पण लाटेत पहिला तोच गेला. व्हिडिओ काढला नाही.

मुक्ता: का?

केदार: संध्याकाळसाठी ठेवला.

मुक्ता, दुपारी १.०४: हाफ डे टाकला. साहेबांना सांगितलं, गुहागरात एका बागेची पाहणी आहे.

केदार: खोटं का बोलायचं?

मुक्ता: खोटं नाही. फुलकिड्यांचे अकरा फोटो आहेत माझ्याकडे, पुरावा म्हणून.

केदार: दाभोळच्या उतारावर गाडी सावकाश. वळणं वाईट आहेत. कॉलेजातली पोरं मधून येतात.

मुक्ता: बरं.

केदार: पाणी घेतलं?

मुक्ता: घेतलं.

केदार: टोपी?

मुक्ता: केदार, मी रत्नागिरी जिल्ह्यातच वाढलेय.

केदार, १.१२: मॅडम नाही, बागायतदार नाही. नुसतं केदार.

मुक्ता: घाईत टाइप झालं.

मुक्ता, ३.२०: दाभोळ. धक्क्यावर उभी आहे. फेरी पलीकडे, धोपाव्याला लागलेली दिसतेय. कितीशी वेळ लागते यायला?

केदार: सुटली आत्ताच.

मुक्ता: इथून कळत नाही. तिकडून दिसतंय का?

केदार: तिकडून नाही. फेरीतूनच.

मुक्ता: म्हणजे?? मी येतच होते ना पलीकडे.

केदार: धोपाव्याला तासभर उभा होतो. तिकीटवाला तीनदा विचारून गेला, कोणाची वाट बघताय. उत्तर देण्यापेक्षा फेरीत चढलेलं बरं वाटलं.

मुक्ता: आणि इथे उतरून लगेच परत त्याच फेरीने?

केदार: उतरणार पण नाही. गाडी आत आली की झालं.

मुक्ता, ३.२९: सगळे मासेवाल्या बायका आणि एक टेंपो. कुठे आहे कोण कळत नाहीये.

केदार: पुढे, कठड्याला. निळा शर्ट. आणि धक्क्यावर ती पिवळी छत्री कोणाची? एवढ्या उन्हात, एवढ्या वाऱ्यात?

मुक्ता: उलटली आत्ता.

केदार: बघितलं.

मुक्ता: हसू नकोस. दिसतोयस मला.