धारवाडची बस

नमस्कार मंडळी. पहिली शिफ्ट सुटतेय, दुसरी आत येतेय, म्हणून दोघांना एकत्र गाठलंय. पंधरा मिनिटं भट्टीचा आवाज नाही, तेवढ्यात बोलून घेतो.

आपल्याकडं एक शब्द फार सहज तोंडात येतो. कोणी चुकीचा कोअर लावला, कोणी चिडला, कोणी गप्प बसला की आपण म्हणतो, "ह्याला धारवाडला पाठवा रे." मीही म्हणायचो. खानापूरपासून चिकोडीपर्यंत सगळ्यांना कळतं काय म्हणायचंय ते, तिथल्या वेड्यांच्या दवाखान्यात पाठवा. आज मी त्याच धारवाडबद्दल सांगणार आहे, कारण मी तिथं जाऊन आलोय.

मोल्डिंगचा सुपरवायझर झालो त्या वर्षीची गोष्ट. रिजेक्शन वाढलेलं, घराचं कर्ज नवीन, थोरलीची दहावी. झोप गेली. म्हणजे अंथरुणावर पडायचो, पण पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीत धडधड. जेवण नको, बोलणं नको. घरी मुलानं वही दाखवली तरी अंगावर जायचो. मी म्हणायचो, पित्त आहे. चार महिने पित्तच म्हणत राहिलो. मग एका रात्रपाळीत ओतकाम चालू असताना लॅडलजवळ उभा होतो आणि क्रेनवाला हाक मारतोय ते मला ऐकूच आलं नाही. शेजारच्यानं खांद्याला धरून मागं ओढलं. तो आज इथंच उभा आहे. त्यानं नंतर कुणाला सांगितलं नाही, हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आता चला. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, सकाळची बस धरली. रस्ताभर मान खाली. गावातलं कोण बसमध्ये चढलं तर काय सांगू, एवढंच डोक्यात. पोहोचल्यावर बघतो तर साधी ओपीडी. केसपेपर, रांग, बाकड्यावर शेतकरी, कॉलेजची मुलं, एक बाई बाळ घेऊन. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, कामाचं विचारलं, घरचं विचारलं आणि मध्ये न तोडता ऐकलं. रात्रीच्या जेवणाला मी घरी होतो. धारवाड म्हणजे एवढंच. काही महिने गोळ्या घेतल्या, महिन्याला एकदा जाऊन बोललो. हळूहळू झोप लागली. काम सुटलं नाही, सुपरवायझरकी गेली नाही.

मला खरी हळहळ त्या चार महिन्यांची आहे. लायनिंग पातळ झाली की आपण भट्टी थांबवून पॅच मारतो, फुटायची वाट बघत नाही. स्वतःच्या बाबतीत मी वाट बघितली.

म्हणून तुम्हाला सांगतो, दोन आठवडे झोप नीट नाही, कशात मन लागत नाही, सारखी भीती वाटते, पिणं वाढलंय, यातलं काही असलं तर थांबू नका. धारवाडलाच जायला पाहिजे असंही नाही. बेळगावच्या सिव्हिलमध्ये यासाठी डॉक्टर आहेत. आणि 14416 हा सरकारचा फोन नंबर आहे, टेली मानस. 2022 पासून चालू आहे, फुकट, रात्री तीनलाही उचलतात. कानडी येत नाही म्हणून कोणी अडून राहायला नको, तिथं मराठीतूनही बोलता येतं. मनातलं दुखणं आपल्या भाषेतच नीट सांगता येतं.

शेजारचा बदलला असं दिसलं तर उपदेश करू नका. "टेन्शन घेऊ नको" हे मी शंभर वेळा ऐकलं, एकदाही उपयोग झाला नाही. "जेवलास काय? चल, बसू जरा" म्हणा आणि ऐका. कोणी "आता जगून काय करायचं" असं बोललं, चेष्टेत जरी बोललं, तरी त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा, बरोबर बसून फोन लावा, घरच्यांना कळवा, मला उठवा. रात्र असली तरी चालेल.

मालकांशी बोलून दोन गोष्टी पक्क्या केल्यात. दवाखान्यासाठी अर्धा दिवस मागितला तर कसला दवाखाना हे कोणी विचारणार नाही. आणि रात्रभर झोप नाही असं ज्यानं सांगितलं, त्याला त्या दिवशी ओतकामावर न लावता दुसरं काम मिळेल, पगार तोच. मला सांगितलेलं माझ्याजवळच राहील. फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बायकांना माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर कोअर शॉपच्या ताई आहेत, त्यांनी होकार दिलाय.

आणि तो शब्द आजपासून आपल्या शॉपमध्ये बंद. कोणी बोललाच, तर मी म्हणेन, मी जाऊन आलोय, काय विचारायचंय ते विचार.

चहा आलाय. मी सहापर्यंत स्टोअरच्या मागच्या खोलीत आहे, दार लोटलेलं असेल, कडी नसेल.