शिवेचा दगड

"दगड हलवलाय कुणीतरी," साहेब म्हणाले, आणि जमलेली दोन्ही गावची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

औसा तालुक्यातल्या दोन गावांची शीव. मधल्या ओढ्यावर साठवण तलाव होणार, त्यामुळे कुणाची किती जमीन बुडते याला एकदम भाव आलेला. जुन्या यादीतले अक्षांश-रेखांश बाळूने हातातल्या जीपीएसमध्ये टाकले होते. यंत्राने सगळ्यांना तुरीत नेऊन उभं केलं. दगड मात्र तिथून वायव्येला, टेकाडावरच्या बाभळीखाली. सुमारे दीडशे मीटर!

"आमच्या आज्यापासून तितंच हाय की ओ," तात्या म्हणाले. "हलिवला म्हणायलाव, कोण हलिवतंय त्याला?"

साहेब पंचनाम्याचे कागद काढत होते. बाळू दगडापाशी उकिडवा बसला. शेंदराचे थर बोटभर, आणि बाभळीचं मूळ दगडाला वळसा घालून पलीकडे गेलेलं. मनगटाएवढं मूळ काही एका उन्हाळ्यात होत नाही.

"साहेब, पुढचा दगड बघून येऊ का?"

"काय बघायचंय त्यात?" म्हणत साहेबांनी गाडीची चावी मात्र दिली.

पुढच्या दगडाचे आकडे बाळूला उघड्या मुरमावर घेऊन गेले. दगड पुन्हा वायव्येला, पुन्हा तेवढाच लांब. शिवेचे दगड चोरून सरकवणारा एकाच दिशेला, एकाच मापाने कशाला सरकवेल?

परत येऊन त्याने यादी उलटीपालटी केली. मागच्या पानावर पेन्सिलीत एकच शब्द होता: एव्हरेस्ट. म्हणजे शिखर नव्हे. ज्या इंग्रज सर्व्हेअरचं नाव शिखराला दिलं, त्याने 1830 साली हिंदुस्थानच्या मापाला बसेल असा पृथ्वीचा आकार ठरवला होता. त्यावरच्या मोजणीचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात, कल्याणपूरला. जीपीएस वापरतं `WGS 84`, त्याचा मध्य पृथ्वीच्या पोटात. आकडे तेच, पण मोजायची सुरुवातच वेगळी. म्हणून जागा सरकते. हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही, पण यादी घाईत हातात आली होती.

बाळूने सेटिंगमध्ये जाऊन डेटम, म्हणजे मोजणीचा आधार, बदलून एव्हरेस्टचा केला. बाण तुरीतून वळला आणि टेकाडाकडे धरला. बाभळीखाली पोचल्यावर पडद्यावर उरले चार मीटर.

साहेबांनी पंचनाम्याचे कागद घडी करून खिशात घातले. "दगड जागेवर आहे. लिहून घ्या."

"अन् ते चार मीटर?" पलीकडच्या गावचे सरपंच पुढे आले. "तेवढं आमच्याकडं धरा."

"कामून तुमच्याकडं?" तात्या उसळले.

"हातातल्या यंत्राला तेवढा फरक राहणारच," साहेब म्हणाले. "बाळू, टिपण काढ. टेप आण. बांधाच्या कोपऱ्यापासून धरू."

बाळूने टेपचं टोक तात्यांच्याच हातात दिलं. सरपंचांनी दुसरं मागून घेतलं.