परिपाठ, 9 फेब्रुवारी: उद्या जंताची गोळी

लेकरांनो, खाली बसा. मागच्यांनो, थोडं पुढं सरका.

ही पट्टी बघा, 30 सेंटीमीटरची. पोटातल्या गोल जंताची मादी जवळजवळ हिच्याएवढी लांब होते, गांडुळासारखी. ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. आपण खातो त्या भाकरीतलं सत्त्व ती आतल्या आत घेते, म्हणून लेकरू जेवतं पण अंगाला लागत नाही. पोट दुखतं, भूक मरते, वर्गात लक्ष लागत नाही.

ही अंडी पोटात जातात कशी? कुणीतरी उघड्यावर परसाकडं बसतं, अंडी मातीत मिसळतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते. तीच माती गोट्या खेळताना तुमच्या नखात शिरते. आपली काळी माती किती चिकट, तुम्हाला माहीतच आहे. त्याच हातानं बोर तोंडात टाकलं, रानातलं गाजर चड्डीला पुसून खाल्लं, की झालं. पोटात अळी बाहेर पडते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन परत आतड्यात. तिथं तिचा मोठा जंत होतो.

उद्या 10 फेब्रुवारी, राष्ट्रीय जंतनाशक दिन. खिचडी झाल्यावर प्रत्येकाला एक गोळी मिळेल, अल्बेंडॅझोल 400 मिलिग्रॅमची. ती माझ्यासमोर नीट चावून खायची, वर पाणी प्यायचं. अख्खी गिळायची नाही, खिशात घालून घरी न्यायची नाही. ज्याला ताप असेल किंवा दुसरं औषध चालू असेल त्यानं आधी मला सांगायचं. जो उद्या राहील त्याला 17 तारखेला देऊ. गोळीनंतर एखाद्याला मळमळलं, पोटात दुखलं तर भ्यायचं नाही. जंत जास्त असले की असं होतं, थोड्या वेळानं थांबतं. पण मला लगेच सांगायचं, लपवायचं नाही. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना ही गोळी आहे. धाकटी भावंडं असतील तर आईला सांगा, अंगणवाडीत घेऊन जा. दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धीच, चुरून देतात.

आता माझं नीट ऐका. गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. उद्या गोळी खाल्ली आणि परवा तसल्याच हातानं जेवलात, तर जंत पुन्हा होतात. म्हणून संडासहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबण लावायचाच.

मला माहीत आहे, घरी टँकरची वाट बघावी लागते. पण हात धुवायला बादली लागत नाही. थोडंसं पाणी घेऊन हात ओले करा, साबण लावा आणि वीसपर्यंत मोजत चोळा: तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. चोळताना पाणी सोडायचंच नाही. मग वरून पाणी ओता. एका तांब्यात दोघांचे हात होतात, मी घरी करून बघितलंय.

नळाजवळ मोज्यात बांधून साबण टांगलाय. पाचवीतल्या दोघी तांब्या घेऊन तिथं उभ्या राहा. पहिलीची रांग आधी येऊ दे. नखं वाढलेली असतील त्यांनी माझ्याकडं या, नेलकटर आणलंय.