दिवाळी पहाट: स्कॅनर किंवा इंटरनेट बंद पडल्यास प्रवेशाची व्यवस्था

सर्व स्वयंसेवकांसाठी. पहाटे ४:३० ला येताना हा कागद छापून सोबत आणा, मोबाइलवर ठेवून चालणार नाही.

दारं ५:०० ला उघडतील, गाणं ६:०० ला सुरू. ७२० तिकिटं आहेत. तीन मिनिटं एकही क्यूआर स्कॅन झाला नाही, की दारप्रमुख "कागद" एवढंच म्हणतील. त्यानंतर स्कॅनर पिशवीत. मध्येच रेंज आली तरी पुन्हा काढायचा नाही. अर्धे कागदावर नि अर्धे मोबाइलवर झाले, तर एका खुर्चीवर दोन माणसं बसणारच.

ऑनलाइन विक्री आदल्या रात्री ९ ला बंद होईल. त्यानंतर याद्या छापायच्या, आधी नाही. यादी नावावर लावलेली नाही: कुलकर्णी आणि जोशी पानंच्या पानं भरतात, शिवाय इंग्रजी स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. बुकिंगच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारा, मग नाव पडताळा.

टेबल १: ०००० ते २४९९
टेबल २: २५०० ते ४९९९
टेबल ३: ५००० ते ७४९९
टेबल ४: ७५०० ते ९९९९

प्रत्येक यादीची प्रत एकच, त्याच टेबलावर. एका नंबरावर चार तिकिटं असतील आणि दोघंच आले असतील, तर दोनच खुर्च्यांपुढे खूण करा. बाकीचे "गाडी लावून येतोय" म्हणतात, ते खरंच येतात. खूण झाली की रांग आणि खुर्ची क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात द्या. आतले स्वयंसेवक फक्त चिठ्ठी बघतील.

नाव सापडलं नाही तर रांगेत वाद घालू नका. पाचवं टेबल बाजूला, पायऱ्यांपासून लांब आहे, तिथे पाठवा. नंबर घरच्या दुसऱ्या कुणाचा असतो, बहुतेक गुंता तिथेच सुटतो. स्क्रीनशॉट दाखवला तर त्यावरचा खुर्ची क्रमांक संबंधित टेबलावर विचारून घ्या, त्या खुर्चीपुढे खूण नसेल तरच चिठ्ठी द्या. तरीही न जुळलेल्यांना ५:५० नंतर शेवटच्या दोन राखीव रांगांत बसवू.

यूपीआय चालणार नाही, म्हणून दारावरची तिकिटं फक्त रोखीने. पेटीत १०० आणि ५० च्या नोटा मिळून ३,००० रुपये सुटे असतील, पावतीपुस्तक त्यातच.

फोन लागेलच असं धरू नका. टेबलं आणि सभागृह यांच्यात दोन जण निरोप घेऊन ये-जा करतील. वीजही गेली तर प्रत्येक टेबलावर एक बॅटरी आहे. पहाटे पाचला बाहेर अंधारच असतो. ज्येष्ठांना रांगेत उभं करू नका, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसवून त्यांची चिठ्ठी तिथे नेऊन द्या.

रांगेला सांगायचं ते असं: "नमस्कार. तिकीट मोबाइलवर उघडत नसलं तरी आपली जागा पक्की आहे. बुकिंगच्या नंबरचे शेवटचे चार आकडे तयार ठेवा, त्यानुसार टेबल निवडा." दर पाच मिनिटांनी, मोठ्याने. माइक नसेल तर रांगेच्या मधोमध उभं राहून.

६:०० ला अजून रांग असेल तर दारप्रमुख मंचावर निरोप पाठवतील. दहा मिनिटं थांबू, त्याहून जास्त नाही. उशिरा आलेल्यांना दोन रचनांच्या मध्येच आत सोडा.

मध्यंतरात याद्यांवरच्या खुणा मोजून आकडा हिशेब बघणाऱ्यांकडे द्या. याद्यांवर लोकांची नावं आहेत, त्या टेबलावर सोडून जाऊ नका. संगणकात नोंद झाली की त्या फाडून टाकायच्या.