जुनी दिसणारी वस्तू खरंच जुनी आहे का?
(जागतिक वारसा सप्ताहानिमित्त तेरच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान)

लेकरांनो, नमस्कार. समोरच्या टेबलावर तुम्ही घरून आणलेल्या वस्तू मांडल्या आहेत. दोन तांबे, एक अडकित्ता, बिदरीची सुरई, निजामाच्या काळातला रुपया, एक स्टँप पेपर आणि देवळीची कोरीव चौकट. तुमच्या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या रोज पाहणाऱ्या मुलांना जुनं म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही. पण जुनं दिसणं आणि जुनं असणं यांत बराच फरक आहे, आणि तो ओळखता येतो.

आधी व्याख्या. आपल्या देशात 1972 चा पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदा आहे. त्यानुसार नाणं, मूर्ती, चित्र, कारागिरीची वस्तू किमान 100 वर्षांची झाली की ती पुरावशेष ठरू शकते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित असेल तर 75 वर्षं पुरतात. म्हणजे पणजोबांचा रेडिओ कितीही लाडका असला तरी अजून पुरावशेष नाही. तो जपायचाच, फक्त त्याला उगाच दीडशे वर्षांचा म्हणायचं नाही.

वस्तू हातात आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: हिच्या अंगावर असं काय आहे, जे त्या काळी असूच शकत नव्हतं? वस्तू जुनी असल्याच्या दहा खुणा सापडल्या तरी त्यांची नक्कल करता येते. पण काळाशी न जुळणारी एकच खूण पक्की असेल, तर ती त्या दहांना पुरून उरते.

अशा खुणा तुम्हाला पाठच करता येतील. पत्त्यात पिनकोड असेल तर ती वस्तू किंवा ते लेबल 15 ऑगस्ट 1972 च्या नंतरचं. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलं असेल तर 1 मे 1960 नंतरचं. किंमत ‘नये पैसे’मध्ये असेल तर 1 एप्रिल 1957 नंतरची. वजनावर किंवा मापावर किलो, लिटर असेल तर दशमान मापं आपल्याकडे रुळली त्यानंतरचं. शेर आणि छटाक त्याआधीचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात आला. चौकटीला तसे स्क्रू दिसले तर चौकट नवी असेल, किंवा नंतर दुरुस्त झाली असेल. यातलं नेमकं काय, हे पाहायला स्क्रूभोवतीचं लाकूड बघा. आधीच्या खिळ्याचं भोक, गंजाचा डाग बाजूला राहिला असेल तर ती दुरुस्ती. एकही जुनं भोक नसेल तर वस्तू स्क्रूच्याच वयाची.

आता तारखा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्या घरांतल्या वस्तूंवर चार-चार प्रकारची सालं सापडतात. मुलं या रुपयावर 1337 वाचतात आणि वस्तू सातशे वर्षांची म्हणून मोकळी होतात. थांबा. शके असेल तर 78 मिळवा. स्टँप पेपरवर फसली साल असतं, त्यात 590 मिळवा. हा समोरचा कागद 1331 फसलीचा, म्हणजे 1921-22 चा. हिजरी साल चांद्र असतं, त्याचं वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान. म्हणून नुसती बेरीज चालत नाही: हिजरी सालाला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. 1337 गुणिले 0.97 म्हणजे साधारण 1297. त्यात 622 मिळवले की 1919. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. तर हा चारमिनारचा रुपया शंभरी ओलांडलेला आहे, पण सातशेचा नाही. भिंग लावून चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा, उर्दूतलं ‘ऐन’ हे अक्षर आहे. ते उस्मान अलींचं. ते 1911 ला गादीवर आले. त्यांच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या रुपयावर तिथे ‘मीम’ असतं. अक्षर आणि साल एकमेकांशी जुळलं पाहिजे. बनावट नाणं पाडणारे पुष्कळदा इथेच फसतात.

या रुपयावर आपण एक प्रयोग करू. दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या. नाणं कोरडं तोला. निजामाचा हा हाली रुपया सुमारे 11.18 ग्रॅम भरतो, झिजला असेल तर थोडा कमी. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. टेकलं की नाण्याचं वजनही काट्यावर येतं आणि आकडा खोटा ठरतो. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलकेच हलवून घालवा. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, की घनता आली. या रुपयात सुमारे 82 टक्के चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं असतं, त्यामुळे घनता 10.2 च्या आसपास यायला हवी. म्हणजे काट्यावर 1.10 दिसेल. तांबं-निकेलच्या नकलेची घनता 8.9 असते. तेवढ्याच वजनाला काटा 1.26 दाखवेल. फरक लहान दिसतो, पण चांगला काटा तो चुकवत नाही. नाण्याला ओरखडाही न पाडता आतल्या धातूची बातमी मिळते, म्हणून ही पद्धत आम्हाला सगळ्यांत आवडते.

त्यानंतर कड बघा. साचा घेऊन ओतलेल्या नकलेला कडेने बारीक शिवण असते किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा असतात. अक्षरांच्या कडा बोथट आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांचा पाया स्वच्छ राहतो.

इथेच एक ताकीद. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, आणि 1818 किंवा 1616 साल, अशी तांब्या-पितळेची नाणी बाजारात फिरतात. कंपनीने अशी नाणी चलनात काढलीच नव्हती. ‘हे नाणं तांदूळ ओढून घेतं, लाखो रुपये मिळतील’ असं सांगणारा माणूस दारात आला तर तो फसवायलाच आलेला असतो. तांबं तांदूळ ओढत नाही. घरातल्या मोठ्यांना हे नक्की सांगा.

आता तांबे. दोन्ही काळपट, दोन्ही पोचे आलेले. पहिला उजेडाकडे तिरपा धरा. पोटावर ठोक्यांच्या बारीक खुणा ओळीने फिरलेल्या दिसतात, आणि आत बोट फिरवलं की जोडाची किनार लागते. तांबटाने पत्रा ठोकून दोन भाग केले आणि डाग देऊन जोडले. दुसऱ्याला ना ठोके ना जोड. तो यंत्रावर दाबून काढलेला आहे. एवढ्याने पहिला शंभर वर्षांचा ठरत नाही, कारण हाताने ठोकणारे तांबट आजही आहेत. म्हणून झीज बघायची. वापरलेला तांब्या बुडाच्या कडेला झिजतो, कारण तो तिथे टेकतो. काठाला झिजतो, कारण तिथे बोटं धरतात. गळ्याखालच्या खोबणीत झीज होत नाही, तिथे मळ साचतो. बनवाबनवी करणारा वस्तू ॲसिडमध्ये बुडवतो किंवा नवसागर लावून मातीत पुरतो. मग खोबण, बूड, काठ सगळं एकाच रंगाचं होतं. खरा हिरवा गंज धातूत मुरलेला असतो. रंगाने किंवा घाईने आणलेला हिरवेपणा ओल्या कापसाला लागतो. पण नखाने किंवा चाकूने खरवडायचं मात्र नाही. वस्तू खरी निघाली तर ते नुकसान भरून येत नाही.

तांब्यावरचं नावही वाचा. ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव हाताने छिन्नी ठोकून घातलेलं असतं, ठिपक्यांची खोली कमीजास्त असते. सारख्या थरथरत्या रेघेचं नाव विजेच्या मशीनचं. अर्थात जुन्या भांड्यावर नवं नाव घालता येतं, म्हणून अक्षरांच्या खोबणीतला मळ आणि बाजूचा मळ सारखा आहे का, हे भिंगातून बघा.

बिदरी ही बीदरची कला, आणि बीदर आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत ती सापडते. तिचा धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि थोडं तांबं. अंगावर खोबण कोरून तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, मग नवसागर आणि किल्ल्यातली माती वापरून चांदी सोडून फक्त मूळ धातू काळा करतात. जस्ताला आणि तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे तो चिकटला तर ती बिदरी नाही. भिंगातून चांदीच्या कडेला बघा: खरी चांदी काळ्याच्या आत बसलेली दिसते, रंगवलेली काळ्यावर चढलेली.

लाकडाच्या बाबतीत फार सावध राहा. वाडे पाडले जातात, त्यांच्या जुन्या सागवानातून नव्या वस्तू होतात आणि ‘वाड्यातली’ म्हणून विकल्या जातात. लाकूड खरंच दीडशे वर्षांचं असतं, वस्तू गेल्या दिवाळीची. कोरीव कामाच्या खोल भागात टॉर्च मारा. आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा उजळ असेल तर कोरीव काम नंतरचं. किडीची भोकं आत वळत जातात, तार घातली की अडते. ड्रिलचं भोक सरळ असतं.

कागद आणि कापडासाठी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च वापरतात. 1950 च्या आसपासपासून कागदात पांढरेपणा आणणारी रसायनं मिसळू लागले, तो कागद निळा चमकतो. स्टँप पेपर चमकला तर शंका घ्या. पैठणीला मात्र हा नियम लावू नका. जुनी पैठणी साबणाच्या पावडरने धुतली असेल तरी चमकते, कारण तीच रसायनं पावडरीत असतात. जरीची तार जाळून बघू म्हणणाऱ्याच्या हाती पैठणी देऊच नका.

घरी गेल्यावर वस्तू चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. मळ आणि गंज हाच तर आपला पुरावा. आजीला विचारा: ही कुणी आणली, कुठून, कोणाच्या लग्नात, त्या वेळी तू केवढी होतीस? उत्तर वहीत तारखेसह लिहा, वस्तूचे सगळ्या बाजूंनी आणि बुडाचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि पांढरीच्या टेकडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर, नाणं, मणी, खापर दिसलं तर उकरू नका. ते कोणत्या थरात होतं ही माहिती उकरताच जाते. जागेचा फोटो काढा आणि शिक्षकांना किंवा संग्रहालयात सांगा. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

आता पाच-पाच जणांनी टेबलापाशी या. पहिल्या गटाने रुपया तोलायचा, दुसऱ्याने तांब्यांचे जोड शोधायचे. वस्तू दोन्ही हातांनी आणि टेबलाच्या वरच धरायची.