कनिष्ठ रसायनी पदासाठी अर्जासोबतचे पत्र

नागपूर
दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. वरिष्ठ भूवैज्ञानिक,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा,
जिल्हा कार्यालय, यवतमाळ

विषय : जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेतील कनिष्ठ रसायनी (कंत्राटी) पदासाठी अर्ज

संदर्भ : सदर पदाची आपल्या कार्यालयाची जाहिरात

मा. महोदय/महोदया,

वरील पदासाठी मी अर्ज करत आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातून मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून विश्लेषणात्मक रसायनशास्त्र हा माझा विशेष विषय होता. जुलै २०२१ पासून मी नागपुरातील एका एनएबीएल मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाणी विभागात विश्लेषक म्हणून काम करते. माझे मूळ गाव केळापूर तालुक्यात आहे.

या पदासाठीचे पत्र मी आधी इंग्रजीत तयार केले होते, कारण आमच्या क्षेत्रातले अर्ज सहसा तसेच जातात. पण त्यात उपकरणे आणि पद्धतींची यादीच जास्त होती. आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाच्या आणि जलसुरक्षकाच्या हातात जातो. तो जिथे वाचला जातो, त्या कामाबद्दल मला जे सांगायचे आहे ते मराठीतच नीट सांगता येईल, म्हणून हे पत्र नव्याने लिहिले आहे. उपकरणांचा तपशील सोबतच्या बायोडाटामध्ये आहे.

सध्याच्या कामात पिण्याच्या पाण्याचे नमुने आयएस १०५००:२०१२ नुसार तपासणे ही माझी मुख्य जबाबदारी आहे. पीएच, टीडीएस, गढूळपणा, क्षारता, ईडीटीए टायट्रेशनने एकूण कठीणपणा, मोहर पद्धतीने क्लोराइड, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नायट्रेट, लोह आणि सल्फेट, तसेच फ्लोराइड या तपासण्या मी स्वतंत्रपणे करते. मागील वर्षापासून पाणी विभागातील रीएजंट तयार करणे, त्यांच्या मुदतीच्या नोंदी ठेवणे आणि नव्या सहकाऱ्यांना टायट्रेशन शिकवणे हे कामही माझ्याकडे आहे. अनुजैविक तपासणीत एमपीएन पद्धतीने कोलिफॉर्म आणि ई. कोलाय तपासण्याचा मला अनुभव आहे, पण तो रासायनिक तपासणीइतका मोठा नाही. आयसीपी-एमएसवर मी स्वतः काम केलेले नाही. जड धातूंच्या नमुन्यांची पूर्वतयारी करून ते पुढे देण्यापर्यंतच माझा सहभाग असतो.

फ्लोराइडबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या जिल्ह्यात मला काम करायचे आहे त्याचे मुख्य कारण तेच आहे. केळापूर आणि झरी जामणी भागात मी लहानपणापासून पिवळ्या-तपकिरी डागांचे दात पाहिले आहेत. वाकलेली पाठ आणि आखडलेले गुडघे हे म्हातारपणाचे दुखणे आहे, असे आमच्याकडे बरीच वर्षे मानले जायचे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आमच्या भागातील हातपंप आणि विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासले. एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी १.० मिलिग्रॅम प्रति लिटर या इष्ट मर्यादेत होते, आणि जवळच्याच खोल बोअरचे पाणी १.५ च्या वर होते. गावकऱ्यांना मात्र बोअरचे पाणी थंड आणि स्वच्छ दिसते म्हणून तेच अधिक चांगले वाटत होते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चवही नाही. प्रयोगशाळेने आकडा सांगितल्याशिवाय ते कोणाला कळत नाही.

म्हणूनच तो आकडा बरोबर असावा, याबद्दल मी फार काटेकोर आहे. एसपीएडीएनएस पद्धत जलद आणि स्वस्त आहे, पण पाण्यात ॲल्युमिनियम उरलेले असेल तर ती फ्लोराइड कमी दाखवते. आपल्या भागात ही साधी अडचण नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी आणि चुनाच वापरतात. म्हणजे जिथे शुद्धीकरण नीट झालेले नाही आणि तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात राहिले आहे, नेमका तिथलाच नमुना थेट एसपीएडीएनएसवर सुरक्षित दिसू शकतो. अशा शुद्धीकरण केलेल्या पाण्याचे नमुने मी आधी डिस्टिलेशन करून किंवा टायसॅब बफर घालून आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर तपासते. इलेक्ट्रोडचा स्लोप रोज तपासते आणि तो ५४ ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान नसेल तर त्या दिवशी नमुने लावत नाही. नमुना क्लोरिनयुक्त असेल तर एसपीएडीएनएसआधी उरलेला क्लोरिन घालवते. प्रत्येक बॅचमध्ये ब्लँक, ज्ञात स्टँडर्ड आणि एक दुहेरी नमुना असतो. कंट्रोल चार्टवर आकडा सरकताना दिसला की मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता मी कारण शोधते. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ नुसार कागदपत्रे ठेवण्याची सवय मला याच कामातून लागली आहे. ऑडिटसाठी म्हणून या नोंदी नंतर भरून ठेवणे मला पटत नाही. लॉगबुक कामाच्या वेळीच भरले गेले पाहिजे.

प्रयोगशाळेत येणारा नमुनाच चुकीचा असेल तर पुढची सगळी काळजी वाया जाते. फ्लोराइडसाठी काचेऐवजी पॉलिथिनची बाटली, अनुजैविक तपासणीसाठी सोडियम थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली, हातपंप काही वेळ उपसून मग घेतलेले पाणी, बाटलीवर स्रोताचे नाव आणि तारीख, आणि बर्फाच्या पेटीतून वेळेत झालेली पोच या गोष्टी दूरच्या गावातून नमुना आणणाऱ्या माणसाला कोणीतरी हातात बाटली देऊन दाखवाव्या लागतात. नुसते परिपत्रक पाठवून हे होत नाही. सध्याच्या नोकरीत मी ग्राहकांच्या कर्मचाऱ्यांना नमुना घेण्याचे प्रात्यक्षिक देते. आपल्याकडे हेच काम जलसुरक्षकांसोबत करायला मला मनापासून आवडेल. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, तेव्हा अनुजैविक नमुन्यांची वेळ पाळणे सर्वात कठीण असते, याची मला कल्पना आहे. कोणत्या मार्गावरचे नमुने कोणत्या वारी उचलायचे, याचे वेळापत्रक इन्क्युबेटरच्या जागेशी जुळवून लावण्याचे काम मी करू शकते.

जल जीवन मिशनमुळे गावोगावच्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. किटवरचा निकाल हा पहिला इशारा आहे. त्याची खात्री प्रयोगशाळेत व्हावी आणि ती लवकर व्हावी, असे मला वाटते. एखाद्या ताईने किटवर फ्लोराइड जास्त दाखवले म्हणून नमुना पाठवला आणि तिला उत्तरच मिळाले नाही, तर ती पुढच्या वेळी किट उघडणार नाही. त्यामुळे किटच्या निकालावरून आलेल्या नमुन्यांना प्राधान्य द्यावे आणि निकाल ग्रामपंचायतीसोबतच त्या महिलेलाही कळवावा, अशी माझी सूचना आहे. आपल्या कार्यपद्धतीत हे आधीपासून होत असेल तर त्यात मी माझा वाटा उचलेन.

अहवाल समजावून सांगण्याबद्दलही मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पाणी दूषित आहे असे कळवले की लोक ते उकळून पितात. जिवाणूंसाठी ते योग्यच आहे. पण उकळल्याने फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण थोडे वाढते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नये, हे आशा सेविकेपर्यंत पोहोचले पाहिजे. टीसीएल पावडरनेही रासायनिक दोष जात नाहीत. म्हणून अयोग्य ठरलेल्या प्रत्येक स्रोताच्या अहवालासोबत दोन-तीन ओळींत, सोप्या मराठीत, हे पाणी कशासाठी वापरू नये, कशासाठी चालेल आणि जवळचा सुरक्षित स्रोत कोणता हे लिहिलेले असावे, असे मला वाटते. याचे काही मसुदे मी तयार केले आहेत आणि मुलाखतीच्या वेळी दाखवू शकेन. कोलाम पोडांवर बोलण्यापुरती कोलामी मला समजते आणि थोडी बोलताही येते. तिथे कागदापेक्षा प्रत्यक्ष सांगणेच उपयोगी पडते.

टीसीएलच्या नमुन्यांची तपासणीही मी केली आहे. साठवणुकीच्या खोलीत ओल असेल तर पावडरमधील क्लोरिनचे प्रमाण झपाट्याने घटते, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरून विहीर निर्जंतुक झाली असे मानणे धोक्याचे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर हे नमुने वेळेत निकाली निघावेत म्हणून त्या काळात जास्त वेळ थांबण्याची माझी तयारी आहे.

खासगी प्रयोगशाळेतील माझे पद कायम आहे आणि हे पद कंत्राटी आहे, त्यामुळे मी हा निर्णय का घेते असा प्रश्न आपल्याला पडू शकतो. नागपुरात मी तपासत असलेले बहुतेक नमुने कारखाने, बाटलीबंद पाण्याचे प्रकल्प आणि गृहसंकुलांचे असतात. तिथे अहवाल परवान्यासाठी लागतो. ते कामही आवश्यक आहे आणि त्यात मी पुष्कळ शिकले. पण माझ्या स्वतःच्या तालुक्यातील हातपंपांचे निकाल वर्षानुवर्षे एकाच टेबलावर जमा होतात, त्यांतून कोणता स्रोत बिघडत चालला आहे हे दिसू शकते, आणि ते पाहण्याचे काम मला करायचे आहे. मानधन आणि कंत्राटाच्या अटी वाचूनच मी हा अर्ज करत आहे आणि त्या मला मान्य आहेत.

सध्याच्या नोकरीत एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते, त्यामुळे निवड झाल्यास साधारण महिनाभरात मी रुजू होऊ शकेन. जिल्ह्यात कोठेही, उपविभागीय प्रयोगशाळेतही, काम करण्याची माझी तयारी आहे. दुचाकी चालवण्याचा परवाना आहे. एमएस-सीआयटी उत्तीर्ण असून मराठी टंकलेखन येते आणि संगणकावर नमुन्यांच्या नोंदी भरण्याची सवय आहे. मुलाखतीसोबत प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाणार असेल तर मला आनंदच होईल, कारण माझे काम आपल्याला प्रत्यक्ष पाहता येईल. संपर्काचा पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक बायोडाटामध्ये दिला आहे. सध्याच्या कार्यालयाकडे माझ्याविषयी विचारणा करायची असल्यास ती निवडीच्या अंतिम टप्प्यावर करावी, ही विनंती.

माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,

स्नेहल कदम

सोबत :
१. बायोडाटा
२. बी.एस्सी. व एम.एस्सी. गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती
३. अनुभव प्रमाणपत्र
४. एमएस-सीआयटी व मराठी टंकलेखन प्रमाणपत्र
५. अधिवास प्रमाणपत्र
६. एम.एस्सी. प्रकल्प अहवालाचा सारांश