विषय: मारुती चौक शाखेतील रेकॉर्ड वरच्या मजल्यावर हलवण्याचा प्रस्ताव (आठवणीसाठी)

दि. 19 मे

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत शाखेकडून आपल्याकडे एक प्रस्ताव पाठवला होता. तळमजल्यावरची कर्ज-कागदपत्रं वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवण्याचा. त्यानंतर मार्चअखेर आली, वसुलीची धावपळ झाली आणि पाठोपाठ लेखापरीक्षण लागलं. त्या दिवसांत मुख्य कार्यालयात एक कागद बघायलाही कुणाला उसंत नव्हती, हे आम्ही शाखेतूनही पाहत होतो. एप्रिलमध्ये आपण फोनवर "ऑडिट संपलं की बघू" म्हणाला होतात. लेखापरीक्षक मागच्या आठवड्यात गेल्याचं कळलं, म्हणून आज लिहितोय. जुनी फाइल शोधायला लागू नये यासाठी सगळा मजकूर इथंच पुन्हा देतो. त्यामुळे पत्र थोडं लांबलं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

हलवायचं आहे ते फक्त ज्याची दुसरी प्रत निघत नाही असं रेकॉर्ड: गहाणखतं, वचनचिठ्ठ्या, जामीनदारांची संमतीपत्रं आणि जुने सभासद अर्ज. व्हाउचर, झेरॉक्स आणि ज्यांची नोंद संगणकात आहे ते कागद खालीच राहतील. सोनेतारण तिजोरीचा यात काही संबंध नाही.

कारण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आपणच शाखेत उभं राहून गठ्ठे बाहेर काढले होते. रंग दिला तरी काउंटरच्या मागच्या भिंतीवर ती रेघ अजून उमटते. संमतीपत्रांवरची शाई पसरली होती, आणि त्या जामीनदारांच्या सह्या पुन्हा घेताना किती घरांचे उंबरे झिजवावे लागले तेही आपण पाहिलं आहे. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पण तेव्हा आधी अंदाज आल्यामुळे कागद टेबलांवर चढवता आले. यंदा काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि कोरडं वर्ष गेलं तरी खोली वाया जाणार नाही, कारण खाली पाय ठेवायला जागा उरलेली नाही. पुराची भीती घालून सही मागतोय असं कृपया समजू नये.

आता आकडे. खोलीचं भाडं महिना 5,500, करार 11 महिन्यांचा, म्हणजे 60,500. अनामत 30,000. लोखंडी रॅक 12, प्रत्येकी 4,800 प्रमाणे 57,600. गठ्ठे बांधून वर नेण्याची मजुरी 8,000. असे सगळे मिळून 1,56,100 रुपये, त्यातली अनामत परत मिळणारी आहे. रॅकचं कोटेशन कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरचं आहे. ते जानेवारीचं असल्यामुळे काल त्यांना फोन करून विचारलं, जूनच्या मध्यापर्यंत दर तोच ठेवतो म्हणाले.

ही रक्कम या घडीला जड वाटत असेल तर एक तात्पुरता मार्ग घरमालकांशी बोलून ठेवला आहे. जून ते सप्टेंबर एवढ्या चारच महिन्यांसाठी खोली महिना 6,000 ने, विना अनामत. म्हणजे भाडं 24,000 आणि मजुरी 8,000, एकूण 32,000. रॅक नकोतच, सध्याच्या लाकडी फळ्या वर नेऊन वापरू. त्या जुन्या आहेत, पण चार महिने निभावतील. दिवाळीनंतर कायमच्या खोलीचा विचार निवांत करता येईल. मला विचाराल तर रॅकसहित पूर्ण प्रस्ताव बरा, कारण गठ्ठे दोनदा वरखाली करण्यात कागद फाटतात. पण पैशाचा हिशोब शाखेत बसून जेवढा दिसतो तेवढाच मला दिसतो, बाकीच्या शाखांच्या मागण्या आपल्यासमोर असणार. त्यामुळे आपण म्हणाल ते.

दोन्हींपैकी काहीच जमणार नसेल तरी अडचण नाही. मग महत्त्वाचे गठ्ठे प्लास्टिकच्या गोणीत बांधून विश्रामबागच्या मुख्य कार्यालयात पावसाळ्यापुरते ठेवायला एखादं कपाट मिळेल का, एवढंच बघावं लागेल. नाही म्हटलंत तरी आम्हाला काय करायचं ते ठरवता येईल.

शाखेच्या हातात होतं तेवढं करून ठेवलं आहे. गठ्ठ्यांची यादी रजिस्टरमध्ये झाली. चालू आणि थकीत कर्जांचे गठ्ठे वेगळे बांधून त्यांवर खाते क्रमांक लिहिले. सगळ्यात खालची फळी रिकामी केली. करारनाम्याचा कच्चा मसुदा तयार आहे, तो वकिलांना दाखवायचा का हे आपण सांगाल तसं.

मृग लागण्याआधी, म्हणजे 7 जूनच्या आत गठ्ठे वर गेले तर पावसाची पिशवी न बांधता नेता येतील. त्यासाठी मजूर आणि करार धरून आठवडाभर लागतो. म्हणून 29 मेपर्यंत आपला कल कळला तर सोयीचं होईल. घरमालक दमदाटी करत नाहीत, खोली आमच्या शब्दावर ठेवून आहेत. कापड दुकानवाले एक शेजारी माल ठेवायला विचारून गेले, एवढंच त्यांनी परवा सांगितलं. 29 तारीख गैरसोयीची असेल तर आपण दुसरी सांगावी, मी मालकांना तसा निरोप देतो.

हा विषय आपल्या अधिकारात न बसता संचालक मंडळापुढे न्यावा लागणार असेल, तर टिपणी लिहायचं काम माझ्याकडे द्यावं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेला जोडता येईल अशी एका पानाची करून देतो. आकड्यांबद्दल किंवा यादीबद्दल काही शंका असतील तर प्रस्तावावर नुसतं "चर्चा करा" लिहून पाठवलंत तरी चालेल, मी त्याच दिवशी विश्रामबागला येऊन जातो. मंगळवारी सकाळी दहानंतर आपण बसता असं कळलं, तेव्हा येऊ का? आपण बाहेर असाल तर दुपारीही जमेल.

पत्र फक्त आपल्या नावे पाठवतोय, प्रत कुणाला दिलेली नाही. शाखाधिकारी साहेबांना तोंडी सांगितलं आहे, आणि "साहेबांच्या सवडीनं विचार" असं तेही म्हणाले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सुधीर
रेकॉर्ड विभाग, मारुती चौक शाखा, सांगली

ता.क. जानेवारीचा मूळ प्रस्ताव आपल्या ऑफिसातल्या 'शाखा-इमारत' फाइलमध्ये आहे. फाइल लेखापरीक्षणात इकडेतिकडे झाली असेल तर माझ्याकडची पोहोच घेतलेली प्रत शिपाईमामांच्या हाती उद्याच पाठवतो.